प्रवासाची वही : घरी राहिलेल्यांसाठी

आज विषय साधा आहे. घरातली पाच माणसं प्रवासाला निघतात. तिकिटं एकाच्या मेलमध्ये, हॉटेलचं बुकिंग दुसऱ्याच्या मोबाइलमध्ये, ड्रायव्हरचा नंबर तिसऱ्याच्या व्हॉट्सॲपवर. हे सगळं एका गूगल डॉकमध्ये आणायचं आणि ते घरच्या सगळ्यांना दिसेल असं ठेवायचं. आमच्या घरात त्याला ‘वही’ म्हणतात, म्हणून मीही आज वहीच म्हणणार आहे.

बरेच लोक अशी यादी करतात, पण ती जाणाऱ्यांसाठी करतात. माझं म्हणणं असं आहे की ती घरी राहिलेल्यांसाठी लिहावी. जाणाऱ्याला आपलं तिकीट कुठे आहे ते साधारण माहीत असतं. घरी बसलेल्याला काहीच माहीत नसतं, आणि गाडी अडकली की फोन करायला, बुकिंग हलवायला मोकळा असतो तो घरी बसलेलाच.

आमचंच उदाहरण घेऊन सांगते. गेल्या वर्षी आम्ही सप्टेंबरअखेर केदारनाथ-बद्रीनाथला गेलो. मी आणि आमचे हे इंदूरहून, दीर-जाऊ पुण्याहून आणि माझा दादा भोपाळहून. इंदूरच्या घरी सासूबाई, वय ८१, सोबत त्यांची भाची. मुलगी हैदराबादला नोकरी करते, ती आली नव्हती. म्हणजे पाच जण वाटेवर, तिघी घरी, आणि घरं दोन शहरांत.

पहिला प्रश्न, वही डॉकमध्ये करायची की शीटमध्ये? हिशेबाची सवय असलेले लगेच शीट उघडतात. तारीख, गाडी, PNR, हॉटेल, फोन असे बारा रकाने होतात. संगणकावर ते छान दिसतं. मोबाइलवर मात्र बोटाने उजवीकडे सरकवत गेलं की आपण कोणत्या ओळीत होतो तेच विसरायला होतं. सासूबाईंना तर ते जमतच नाही. म्हणून साधं डॉक घ्यावं आणि सगळं वरून खाली लिहावं. प्रत्येक दिवसाला एक ठळक मथळा, त्याखाली चार-सहा ओळी, एका ओळीत एकच गोष्ट. खर्चाचा हिशेब वेगळ्या शीटमध्ये ठेवा. घरच्यांना तो प्रवासात बघायचा नसतो.

आता एक नोंद कशी दिसते ते सांगते. दादाची भोपाळहून दिल्लीला जाणारी गाडी रात्री १२ वाजून ४० मिनिटांनी होती. त्याची नोंद अशी होती:

दादा, भोपाळ ते दिल्ली
बुधवार २४ची रात्र संपून गुरुवार २५ लागल्यावर, ००:४०
स्टेशनवर पोहोचायचं : बुधवारी रात्री ११:४५
गाडी मूळ स्टेशनातून सुटण्याची तारीख : बुधवार २४
PNR (दहा आकडे), डबा, बर्थ, स्थिती : कन्फर्म
तिकीट कुणाच्या खात्यातून : हैदराबाद

दुसरी ओळ लांबलचक वाटेल, पण ती तशीच हवी. तिकिटावर तारीख २५ असते. ‘२५ तारखेची रात्रीची गाडी’ असं तोंडी म्हटलं की माणूस गुरुवारी रात्री स्टेशनवर जातो, आणि गाडी आदल्या रात्रीच गेलेली असते. त्यात कुणाचा वेंधळेपणा नसतो. आपण रात्र ज्या दिवसाला जोडून बोलतो आणि रेल्वे जी तारीख धरते, त्यांत फरक आहे. म्हणून मध्यरात्रीनंतरच्या प्रत्येक गाडीला दोन्ही वार लिहायचे आणि घरातून निघायची वेळ वेगळी लिहायची.

मूळ स्टेशनची तारीख घरच्यांसाठी आहे. गाडी किती उशिरा आहे हे बघताना रेल्वेची प्रणाली गाडी पहिल्या स्टेशनातून सुटण्याची तारीख विचारते, आपण बसतो त्या स्टेशनची नाही. घरच्या माणसाने २५ निवडली तर त्याला वेगळीच, त्याच नंबरची दुसऱ्या दिवशीची गाडी दिसते. कधी ‘अजून सुटलेली नाही’ असं दिसतं. इकडे दादा झोपलाय आणि तिकडे वहिनी घाबरलीय, असं त्यातून होतं. एक ओळ लिहिली की ते टळतं.

विमानाचं थोडं वेगळं असतं. तिथे PNR सहा अक्षरांचा असतो आणि बुकिंग उघडताना बहुतेक कंपन्या त्याच्यासोबत आडनाव मागतात. तिकिटावर आडनावाचं स्पेलिंग जसं आहे तसंच वहीत उतरवा. आपल्याकडे ‘Deo’ आणि ‘Dev’ एकाच घरात सापडतात.

शेवटची ओळ, खातं कुणाचं, ही मला सर्वांत महत्त्वाची वाटते. आयआरसीटीसीवर काढलेलं ई-तिकीट ज्या खात्यातून काढलं त्याच खात्यातून रद्द होतं. हॉटेलच्या ॲपचंही तसंच. बुकिंग करणारा डोंगरात, नेटवर्कबाहेर असेल तर घरच्याला सगळं दिसूनही काही करता येत नाही. म्हणून आम्ही ठरवून एक गोष्ट केली. वाटेत बदलावी लागण्याची शक्यता होती ती बुकिंगं आणि परतीची गाडी मुलीच्या खात्यातून काढली. ती प्रवासात नव्हती, म्हणूनच. तिच्याकडे चांगलं नेट, चार्ज असलेला फोन आणि ओटीपी, तिन्ही होतं.

मुक्कामाच्या नोंदीत आम्ही चार गोष्टी लिहितो. हॉटेलच्या काउंटरचा थेट फोन नंबर, बुकिंग कुणाच्या नावावर, किती भरले आणि किती बाकी, आणि पैसे न कापता रद्द करायची शेवटची वेळ. ही शेवटची वेळ तारखेसकट लिहावी. ‘चोवीस तास आधी’ असं लिहिलं तर थकलेल्या माणसाला त्याचा हिशेब करत बसावं लागतो. ‘मंगळवार ३०, दुपारी १२ पर्यंत’ असं लिहिलं की बघितलं आणि झालं.

प्रत्येक नोंदीच्या शेवटी आम्ही एक शब्द टाकतो, ‘हलतं’ किंवा ‘हलत नाही’. हॉटेल हलतं. ठरवलेली टेम्पो ट्रॅव्हलर हलते, जादा दिवसाचे पैसे देऊन. विमान हलत नाही. हललं तर बरेच पैसे जातात. सणासुदीची रेल्वे हलत नाही, कारण दुसऱ्या दिवशीची जागा मिळणार नाही. हा एक शब्द किती उपयोगी पडतो ते पुढे सांगते.

आता वही कुणाला दिसावी आणि कुणी लिहावी. गूगल डॉकमध्ये शेअर करताना दोन निवडी असतात. एक `Restricted`, म्हणजे ज्यांचा मेल पत्ता तुम्ही टाकला त्यांनाच दिसेल. दुसरी `Anyone with the link`, म्हणजे लिंक ज्याच्या हाती लागेल त्याला दिसेल. दुसरी सोपी असते, म्हणून सगळे ती करतात. पण व्हॉट्सॲपवरची लिंक पुढे जाते. मावशी ती कौतुकाने सोसायटीच्या ग्रुपवर टाकते, आणि घर कोणत्या तारखांना रिकामं आहे, PNR काय, फोन नंबर काय, हे दोनशे लोकांना कळतं. म्हणून पहिलीच निवड करावी. त्यासाठी सगळ्यांचे जीमेल पत्ते लागतात आणि बऱ्याच वडीलधाऱ्यांना आपला पत्ता आठवत नाही. त्यांच्या ॲन्ड्रॉइड मोबाइलवर प्ले स्टोअर उघडा, वर उजवीकडच्या गोल चित्रावर बोट ठेवा, पत्ता तिथे दिसतो.

लिहायचा अधिकार, म्हणजे `Editor`, दोघांनाच द्यावा. एक वाटेवरचा, एक घरचा. बाकी सगळे `Viewer`. पाच जण लिहायला लागले की एक जण जुनी वेळ खोडतो, दुसरा बोट चुकून अर्धं पान पुसतो. पुसलेलं परत आणता येतं. संगणकावर `Version history` मध्ये जुनी प्रत असते. पण ते सोनप्रयागच्या रांगेत उभं राहून कोण करणार? आमच्याकडे वाटेवरची मी आणि घरची मुलगी, अशा दोघी लिहिणाऱ्या होतो. बाकीचे मला सांगत, मी लिहीत असे. जाऊबाई म्हणाल्या, “वहिनी, तुम्ही अगदी टीसी झालात.” चालतंय.

वहीत काय घालायचं नाही, तेही सांगते. आधारची चित्रं, कार्डाचे नंबर, पासवर्ड यांतलं काहीही नको. ओळखपत्र मूळ स्वरूपात ज्याचं त्याच्या खिशात. औषधांचं आम्ही थोडक्यात लिहिलं होतं : कोणाला रक्तदाबाची कोणती गोळी, कोणाला कशाची ॲलर्जी, घरच्या डॉक्टरांचा नंबर. इतकंच पुरतं. यात्रेची नोंदणी केदारनाथ-बद्रीनाथला करावीच लागते आणि ती प्रत्येकाची वेगळी असते. ते कागद आम्ही छापून प्रत्येकाजवळ दिले आणि वहीत फक्त नोंदणी क्रमांक ठेवले.

डोंगरात नेट नसतं, हे धरूनच वही करावी लागते. मोबाइलवर डॉकच्या ॲपमध्ये फाइलशेजारच्या तीन टिंबांवर बोट ठेवलं की `Make available offline` असं येतं. ते प्रत्येकाने आपापल्या मोबाइलवर करायचं असतं. मी माझ्यावर केलं म्हणून दादाच्या मोबाइलवर होत नाही. झालंय की नाही हे बघायची खात्रीची पद्धत एकच. घरी असतानाच मोबाइल विमान मोडवर टाका आणि वही उघडून बघा. नुसती ब्राउझरमध्ये उघडत असाल तर ती उघडणार नाही. आम्ही निघायच्या आदल्या रात्री सगळ्यांना व्हिडिओ कॉलवर बसवून हे करून घेतलं. दिरांच्या मोबाइलवर डॉकचं ॲपच नव्हतं, ते तेव्हा कळलं.

शिवाय एक पीडीएफ काढून ग्रुपवर टाकली. पीडीएफचा एक धोका आहे. ती बदलत नाही. वहीत वेळ बदलली तरी पीडीएफमध्ये जुनीच राहते आणि लोक हाताशी असलेली पीडीएफ बघतात. म्हणून तिच्या पहिल्या ओळीत मोठ्या अक्षरांत ‘२३ सप्टेंबर रात्री ९ पर्यंतची प्रत’ असं लिहिलं.

आता वहीची सगळ्यांत वरची जागा. तिथे दिवसांची यादी नसते. तिथे ‘आत्ता’ नावाचा एक छोटा भाग असतो. त्यात तीन ओळी : आम्ही कुठे आहोत आणि किती वाजता लिहिलं, पुढे काय, आणि पुढची नोंद कधी येईल. ही तिसरी ओळ बहुतेक लोक लिहीत नाहीत आणि घरच्यांची झोप तिच्यावरच असते.

केदारनाथला खासगी गाडी सोनप्रयागपर्यंतच जाते. तिथून गौरीकुंडला तिथल्या जीपने जायचं आणि मग सुमारे सोळा किलोमीटरची चढण, पायी किंवा घोड्यावर. वाटेत नेटवर्क कधी असतं, कधी नसतं. त्या सकाळी मी लिहिलं : ‘शनिवार २७, सकाळी ६:२०, सोनप्रयाग. आता चढण. पुढची नोंद रात्री ९ पर्यंत. नेट नसेल तर रविवारी दुपारी २ पर्यंत. तोपर्यंत फोन लागला नाही तरी काळजी नको. दोनपर्यंत काहीच आलं नाही तर आधी ड्रायव्हरला फोन करा, तो सोनप्रयागला थांबलाय.’ आणि त्याचा नंबर.

त्या रात्री खरंच नोंद टाकता आली नाही. वर थंडीने मोबाइलची बॅटरी भराभर उतरत होती आणि नेट येऊन-जाऊन होतं. सासूबाईंच्या भाचीने नंतर सांगितलं की त्या रात्री त्यांनी दोनदा वही उघडायला लावली, ‘रविवारी दुपारी दोन’ ही ओळ वाचून घेतली आणि झोपल्या. एरवी त्यांनी रात्रभर सगळ्यांचे फोन वाजवले असते. रविवारी साडेअकराला गौरीकुंडहून मी लिहिलं, ‘सगळे खाली उतरलो.’

खरी परीक्षा सोमवारी झाली. सोमवार २९ला गुप्तकाशीहून चोपता, गोपेश्वर, चमोली असं करत रात्री बद्रीनाथला पोहोचायचं होतं. चमोलीच्या पुढे दरड कोसळली होती आणि रस्ता बंद होता. तीन वाजून दहा मिनिटांनी मी ‘आत्ता’मध्ये लिहिलं : ‘चमोलीत थांबलोय. पुढे दरड, रस्ता बंद. सगळे ठीक, गाडी सुरक्षित जागी. आज बद्रीनाथला पोहोचणं अवघड. पुढची नोंद ५ वाजता.’ घरी टीव्हीवर दरडीची बातमी लागायच्या आत ही ओळ सासूबाईंपर्यंत पोहोचली होती.

मग मुलीने हैदराबादहून काम हातात घेतलं. तिने आधी खाली जाऊन ‘हलत नाही’ शोधलं. मला वाटत होतं आपली अडचण परतीची गाडी असेल. ती गुरुवार २ तारखेला संध्याकाळी हरिद्वारहून होती. पण त्याच दिवशी दुपारी साडेतीनला दीर-जाऊंचं डेहराडूनहून विमान होतं. विमानतळ जॉली ग्रँटला आहे, ऋषिकेशच्या पुढे. म्हणजे खरी हद्द संध्याकाळ नव्हती. विमानासाठी दुपारी दीडच्या आत तिथे पोहोचायला हवं होतं.

तिथून ती उलटी आली. मूळ बेत असा होता : सोमवारी बद्रीनाथ, मंगळवारी रुद्रप्रयाग, बुधवारी हरिद्वार, गुरुवारी सगळे आपापल्या वाटेने. एक दिवस पुढे ढकलला तर मंगळवारी बद्रीनाथ आणि बुधवारी रुद्रप्रयाग. पण रुद्रप्रयागहून गुरुवारी सकाळी निघून दीडच्या आत विमानतळ गाठायचा, तोही नुकत्याच दरडी पडलेल्या रस्त्याने, हे तिला पटेना. म्हणून बुधवारचा मुक्काम रुद्रप्रयागच्या पुढे गढवालच्या श्रीनगरला घ्यायचा, तेवढाच सकाळचा रस्ता कमी होतो, असं तिने ठरवलं.

चार फोन झाले. बद्रीनाथच्या हॉटेलवाल्याने एक दिवस पुढे करून दिलं. रस्ता बंद असल्याचं त्यालाही माहीत होतं आणि येणारे कोणीच पोहोचणार नव्हते. रुद्रप्रयागला भरलेले हजार रुपये गेले. हरिद्वारचं बुकिंग मंगळवारी दुपारी बारापर्यंत फुकट रद्द होत होतं, ते तिने सोमवारी संध्याकाळीच रद्द केलं. श्रीनगरला दोन खोल्या घेतल्या. आम्ही तोपर्यंत चमोलीत चहा पीत होतो आणि रात्रीपुरती खोली शोधत होतो. ती मात्र वाटेवरच्यांनाच शोधावी लागते; हैदराबादहून ते जमत नाही.

वहीत तिने जुन्या नोंदी पुसल्या नाहीत. त्यांच्यावर आडवी रेघ मारली, खाली नवी नोंद लिहिली आणि शेजारी ‘सोमवार ६:४०ला बदललं’ असं टाकलं. हे मी सगळ्यांना आवर्जून सांगते. नोंद गायब झाली की वाचणाऱ्याला कळत नाही, बेत बदललाय की आपण चुकीचं पान बघतोय. रेघ दिसली की कळतं. साडेसातला चमोलीत थोडा वेळ नेट आलं, पाचही मोबाइलवर वही ताजी झाली. मंगळवारी सकाळी रस्ता उघडला.

मर्यादाही सांगायला हव्यात. वही म्हणजे लोकेशन नव्हे. आम्ही आत्ता नकाशावर कुठे आहोत हे ती सांगत नाही. ते हवं असेल तर व्हॉट्सॲपचं लाइव्ह लोकेशन वेगळं द्यावं लागतं आणि तेही नेट असेल तरच चालतं. वेटिंगच्या तिकिटाची स्थिती वही आपणहून बदलत नाही. चार्ट लागला की लिहिणाऱ्याने बघून लिहायची. आणि लिहिणारा आजारी पडला तर? म्हणून दुसरी लिहिणारी घरी असते. वाटेवरचं कुणीही तिला फोन करून सांगू शकतं. फोन लागत नसेल तर साधा एसएमएस पुष्कळदा जातो. मुलीचा नंबर पाचही जणांकडे कागदावर लिहिलेला होता. मोबाइल बंद पडला की त्यातले नंबरही गेलेच, आणि हल्ली स्वतःच्या मुलीचा नंबर पाठ असलेला माणूस मला दाखवा!

परत आल्यावर मी वहीतले PNR, नोंदणी क्रमांक आणि औषधांची नोंद काढून टाकली. हॉटेलचे नंबर, ड्रायव्हरचा नंबर आणि रेघ मारलेले बेत तसेच ठेवले. आता मेमध्ये नणंद आणि तिचे सासू-सासरे त्याच रस्त्याने जाणार आहेत. तिला त्या वहीची प्रत करून दिली आहे. तिने पहिली दुरुस्ती केली ती अशी : परतीच्या विमानाच्या आधी एक पूर्ण दिवस ऋषिकेशला रिकामा ठेवला आणि त्याच्यापुढे लिहिलं, ‘हलतं’.